शिळ्या कॉस्टिकचा हिशोब

कॉस्टिक सोड्याची पिशवी एकदा फोडली की पावसाळ्यात ती फार दिवस धड राहत नाही. कोकणात तर नाहीच. तोंड घट्ट बांधा, वरून दुसरी पिशवी चढवा, तरी काही दिवसांत वरचे फ्लेक्स ओलसर होतात, एकमेकांना चिकटतात आणि पुढे त्यांच्यावर पांढरा, भुरभुरीत थर चढतो. घरच्या घरी खोबरेल तेलाचा साबण करून विकणाऱ्या, माझ्या परिचयातल्या एका बाईंनी गेल्या हंगामातला असाच उरलेला माल वापरला. वजन नेहमीचंच, तेल नेहमीचंच, पण वड्या तेलकट राहिल्या आणि हाताला चिकटू लागल्या. "सर, कॉस्टिक शिळं होतं का हो?" असं त्यांनी मला विचारलं. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात.

होतं. पण किती शिळं झालं हे डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि साबणासाठी नेमकं तेच कळायला हवं.

सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, हवेतून दोन गोष्टी ओढून घेतो. पहिली बाष्प. त्यामुळे माल ओला होतो, वजन वाढतं, पण कॉस्टिकचं कॉस्टिकपण जात नाही. त्यात फक्त पाणी मिसळतं. दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइड, आणि तिथे खरा बदल होतो. कॉस्टिकचे दोन रेणू हा वायू गिळतात आणि सोडियम कार्बोनेटचा एक रेणू तयार होतो. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. तोही अल्कलीच, पण सौम्य. घरगुती पद्धतीच्या साबणात तेल फोडून त्याचा साबण करणं त्याला जमत नाही. म्हणून जुन्या पिशवीतून काढलेल्या १०० ग्रॅममध्ये खरं काम करणारं कॉस्टिक किती, वाया गेलेलं कार्बोनेट किती आणि नुसतं पाणी किती, असा तीन खात्यांचा हिशोब मांडावा लागतो.

पहिला विचार सरळ येतो. अल्कली मोजायचं तर आम्ल घाला. किती आम्ल लागलं त्यावरून अल्कली किती ते कळेल. प्रयोगशाळेत रोज होणारं टायट्रेशन, म्हणजे अनुमापन, ते हेच. पण या मिश्रणापुढे ते एका जागी फसतं. कॉस्टिकही आम्ल खातं आणि कार्बोनेटही खातं. एवढंच नव्हे, कॉस्टिकचे जे दोन रेणू मोडून कार्बोनेटचा एक रेणू झाला, ते दोन रेणू जेवढं आम्ल घेत होते तेवढंच आम्ल तो एक रेणू शेवटपर्यंत टायट्रेट केला तर घेतो. म्हणजे पिशवीतलं अर्धं कॉस्टिक कार्बोनेट होऊन गेलं तरी आम्लाच्या एकूण खर्चात एका थेंबाचाही फरक पडणार नाही. एकच टोक पाहणारं टायट्रेशन अशा मालाला डोळे मिटून 'उत्तम' म्हणेल.

सुटका होते ती कार्बोनेटच्या एका सवयीमुळे. कॉस्टिक आपलं आम्ल एकदम घेतं. कार्बोनेट ते दोन हप्त्यांत घेतं, आणि दोन्ही हप्ते अगदी सारखे असतात:

NaOH + HCl → NaCl + H₂O

Na₂CO₃ + HCl → NaHCO₃ + NaCl

NaHCO₃ + HCl → NaCl + H₂O + CO₂

पहिल्या हप्त्यानंतर कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं, म्हणजे खाण्याचा सोडा. दुसऱ्या हप्त्यात त्या बायकार्बोनेटचा वायू होऊन निघून जातो. आम्ल थेंबाथेंबानं घालत गेलो तर आधी सगळं कॉस्टिक आणि कार्बोनेटचा पहिला हप्ता संपतो. तिथे थांबून ब्युरेट वाचायचं. मग पुढे जात राहायचं आणि बायकार्बोनेट संपलं की पुन्हा वाचायचं. या दोन आकड्यांमधलं अंतर हा कार्बोनेटचा दुसरा हप्ता. दुसरा कळला म्हणजे पहिलाही कळला, कारण दोन्ही सारखे. पहिल्या आकड्यातून तो वजा केला की उरतं ते निखळ कॉस्टिक.

प्रश्न राहतो तो नेमकं कुठे थांबायचं याचा. द्रावणाचा सामू पहिल्या टप्प्याच्या शेवटी ८.३ च्या आसपास असतो आणि दुसऱ्याच्या शेवटी ४ च्या जवळ. या दोन जागांसाठी दोन रंग हाताशी आहेत. फिनॉल्फ्थॅलीन हे साधारण १० च्या वर गडद गुलाबी असतं आणि ८.३ च्या सुमाराला रंगहीन होतं. मिथिल ऑरेंज ४.४ च्या वर पिवळं आणि ३.१ च्या खाली लाल, मध्ये केशरी. फिनॉल्फ्थॅलीन पहिल्यांदा बनवलं ते आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनज्ञानं, १८७१ मध्ये. मिथिल ऑरेंजचा दर्शक म्हणून वापर गेओर्ग लुंगे यानं १८७८ मध्ये सुचवला. दोन्ही दर्शक एकामागोमाग एकाच फ्लास्कमध्ये वापरण्याची ही रीत वॉर्डर या अमेरिकी रसायनज्ञाच्या नावानं ओळखली जाते. त्याचा लेख १८८१ चा. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रयोग टिकून आहे. बहुतेक विद्यार्थी सूत्र पाठ करून गुण घेऊन जातात, ही खंत मात्र जुनी आहे.

दर्शकांचा क्रम उलटवता येत नाही, आणि त्यामागचं कारण साधं आहे. फिनॉल्फ्थॅलीन आपलं काम झालं की रंगहीन होऊन बाजूला होतं, त्यामुळे त्याच द्रावणात मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग स्वच्छ दिसतो. मिथिल ऑरेंज आधीच घातलं तर त्या पिवळ्यात गुलाबी रंग कधी गेला हे ओळखताना डोळे फुटतील.

आता त्या बाईंच्या पिशवीकडे वळू. सगळ्यात मोठी चूक होण्याची जागा ब्युरेटच्या कितीतरी आधी असते. वरच्या पांढऱ्या गठ्ठ्यातून चमचाभर माल घेतला तर कार्बोनेट भरमसाट निघेल. तळातले कोरडे फ्लेक्स घेतले तर माल जवळजवळ ताजा वाटेल. म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणांहून थोडं थोडं घेतलं, गठ्ठे फोडून मिसळले आणि त्यातून ८ ग्रॅम झाकणाच्या वजन-बाटलीत घाईनं तोलले. घाई अशासाठी की उघड्या कागदावर ठेवले तर तराजूचा आकडा पाहता पाहता चढतो. हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही. फ्लेक्सचा बारीकसा कण डोळ्यात गेला तर तो डोळा कायमचा जाऊ शकतो.

हे ८ ग्रॅम पाण्यात थोडे थोडे विरघळवले. कॉस्टिक पाण्यात घालायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही, कारण उष्णता इतकी निघते की द्रावण उसळून अंगावर येतं. पाणी ऊर्ध्वपातित हवं आणि तेही उकळून, झाकून गार केलेलं. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ज्या दोषाचं मोजमाप करायचं तोच दोष आपण पाण्यातून घालायचा, हे काही बरं नव्हे. द्रावण गार झाल्यावर बरोबर एक लिटर केलं. त्यातले २५ मिलिलिटर पिपेटनं फ्लास्कमध्ये घेतले की फ्लास्कमध्ये २०० मिलिग्रॅम माल आला. पिपेटला रबरी फुगा लावून ओढायचं. तोंडानं ओढण्याची जुनी सवय कॉस्टिकच्या बाबतीत अंगाशी येते.

ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. बाटलीवर लिहिलेल्या ०.१ वर विसंबून चालत नाही. त्याची ताकद आधी तपासावी लागते. गंमत अशी की ती तपासण्यासाठी शुद्ध, निर्जल सोडियम कार्बोनेटच वापरतात, साधारण २५० ते २७० अंश सेल्सियसला तासभर तापवून कोरडं केलेलं. त्याचे ०.२१२ ग्रॅम घेऊन मिथिल ऑरेंजपर्यंत टायट्रेट केले तर अचूक ०.१ नॉर्मल आम्ल ४० मिलिलिटर लागायला हवं.

फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाकताच द्रावण भडक गुलाबी झालं. ब्युरेटची तोटी उघडली. पहिल्या ४० मिलिलिटरपर्यंत फारसं काही घडत नाही. आम्ल पडतं तिथे क्षणभर पांढरी रेघ उमटते आणि फ्लास्क फिरवला की मिटते. पुढे ती रेघ मिटायला वेळ लागू लागतो, गुलाबी विरळ होतो. इथून थेंब थेंब घालायचं आणि फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवायचा. ४४.४० मिलिलिटरला रंग जेमतेम उरला होता तो गेला. हे पहिलं वाचन. ब्युरेट पुन्हा न भरता त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले. द्रावण पिवळं झालं. आता आम्ल घालताना फ्लास्कच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात. हाच तो कार्बन डायऑक्साइड, पिशवीनं आतापर्यंत हवेतून साठवलेला. ४६.३० ला पिवळ्याचा केशरी झाला. हे दुसरं वाचन. अर्थात एकदा करून भागत नाही. लागोपाठची वाचनं ०.१ मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत करत राहायचं, हा शिरस्ता.

हिशोब दोन ओळींचा आहे. अंतर ४६.३० − ४४.४० = १.९० मिलिलिटर. हा कार्बोनेटचा एक हप्ता. एका हप्त्याच्या दरानं ०.१ नॉर्मल आम्लाचा एक मिलिलिटर म्हणजे १०.६ मिलिग्रॅम कार्बोनेट, तेव्हा १.९० ला २०.१ मिलिग्रॅम. कॉस्टिकच्या वाट्याला ४४.४० − १.९० = ४२.५० मिलिलिटर, मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम या दरानं १७० मिलिग्रॅम. मूळ माल २०० मिलिग्रॅम होता, म्हणजे कॉस्टिक ८५ टक्के, कार्बोनेट साधारण १० टक्के आणि उरलेले ५ टक्के पाणी व इतर गोष्टी.

एकच टोक पाहिलं असतं तर काय झालं असतं, तेही बघा. मिथिल ऑरेंजपर्यंतचे सगळे ४६.३० मिलिलिटर कॉस्टिकच्या नावावर टाकले असते, तर उत्तर ९२.६ टक्के आलं असतं. हा आकडा निरर्थक मात्र नाही. तो आजच्या वजनातल्या एकूण अल्कलीचा आहे, आणि त्यात पिशवीचा इतिहास दडलेला आहे. माल मुळात ९८ टक्क्यांचा होता असं धरलं, तर ९८ वरून ९२.६ पर्यंतची घसरण केवळ वजन वाढल्यामुळे झाली. हवेतला वायू आणि बाष्प येऊन बसलं, अल्कली तेवढंच राहिलं, पण प्रत्येक ग्रॅममध्ये त्याचा वाटा घटला. ९२.६ वरून ८५ पर्यंतची घसरण वेगळी आहे: ती कॉस्टिकचं कार्बोनेट झाल्याची. नुसता ओला माल थोडा जास्त घेतला की पूर्ववत काम देतो. कार्बोनेट झालेला माल जास्त घेतला की साबणात कार्बोनेटही जास्त जातं.

आता चुकांकडे. या पद्धतीत एक वस्तुस्थिती लक्षात ठेवली की बहुतेक चुकांचा माग काढता येतो: कार्बन डायऑक्साइड आत आला काय किंवा बाहेर गेला काय, मिथिल ऑरेंजचं एकूण वाचन जागचं हलत नाही. हलतं ते फिनॉल्फ्थॅलीनचं.

समजा फ्लास्कमध्ये द्रावण घेऊन तुम्ही कुणाशी बोलत उभे राहिलात. पातळ कॉस्टिक हवेतला वायू शोषत राहतं, थोड्या कॉस्टिकचं कार्बोनेट होतं. मग पहिलं वाचन खाली येतं, दुसरं तिथेच राहतं, अंतर वाढतं, आणि कार्बोनेट मुळात होतं त्याहून जास्त दिसतं. उलट प्रकार घाई करणाऱ्यांचा. आम्लाची धार सोडली आणि फ्लास्क नीट फिरवला नाही, तर जिथे धार पडते तिथे आम्ल जास्त होतं आणि तिथल्या कार्बोनेटचे दोन्ही हप्ते जागीच वसूल होऊन वायू सुटतो. तो वायू द्रावणातच विरघळून राहिला तर उरलेल्या कार्बोनेटशी जुळवून घेतो आणि काही बिघडत नाही. पण उडून गेला तर दुसरा हप्ता पहिल्याच खात्यात मोडला जातो: पहिलं वाचन चढतं, अंतर आक्रसतं, कार्बोनेट कमी दिसतं आणि कॉस्टिक फुगतं. दोन विद्यार्थ्यांची दुसरी वाचनं तंतोतंत जुळतात आणि पहिली जुळत नाहीत, असं दिसलं की आम्लाच्या ताकदीवर संशय घेऊ नये. दोघांपैकी एकानं उशीर केला किंवा एकानं धार सोडली, एवढंच झालेलं असतं. म्हणून पहिल्या टप्प्याच्या शेवटाकडे आम्ल संथ घालायचं, फ्लास्क सतत फिरवायचा आणि द्रावण थंड ठेवायचं.

पहिल्या अंतिम बिंदूची आणखी एक अडचण आहे, आणि ती करणाऱ्याच्या हातात नाही. निखळ कॉस्टिकमध्ये गुलाबी एका थेंबाला जातो. कार्बोनेट सोबत असलं की तो रेंगाळत, फिका होत होत जातो. तयार होणारं बायकार्बोनेट आणि शिल्लक कार्बोनेट मिळून सामूला पटकन खाली पडू देत नाहीत. उडी लहान आणि उतार लांब होतो. मग एकाला ४४.३० ला रंग गेलेला दिसतो, दुसऱ्याला ४४.५० ला. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे जोडीला दुसरा फ्लास्क ठेवणं. त्यात अंदाजे तितकंच पाणी, शुद्ध खाण्याचा सोडा आणि मोजून तितकेच थेंब फिनॉल्फ्थॅलीन. नुसत्या बायकार्बोनेटच्या द्रावणात जी अतिशय पुसट गुलाबी छटा दिसते, तीच आपल्या फ्लास्कमध्ये आली की थांबायचं. रंग पूर्ण जाण्याची वाट पाहिली तर आपण बिंदूच्या पुढे गेलेलो असतो.

दर्शक घालून ठेवला, मग जेवायला गेलो, आणि परत येऊन पाहतो तर गुलाबी नाहीसा, अशी तक्रारही कधी कधी येते. तीव्र अल्कलीत फिनॉल्फ्थॅलीनचा रंग हळूहळू स्वतःहूनच उडतो, कारण त्याचा रेणू आणखी एक हायड्रॉक्साइड घेऊन रंगहीन रूपात जातो. म्हणून दाट कॉस्टिकमध्ये तो कधीच टाकू नये आणि पातळ द्रावणातही टाकल्यावर लगेच कामाला लागावं.

दुसऱ्या बिंदूवर वायू त्रास देतो तो वेगळ्या तऱ्हेनं. सुटलेला कार्बन डायऑक्साइड सगळाच बाहेर जात नाही. काही विरघळून राहतो, तो स्वतः दुबळं आम्ल आहे, आणि त्यामुळे केशरी रंग थोडा आधीच आणि अस्पष्ट येतो. नीट करायचं असेल तर रंग बदलू लागताच फ्लास्क मिनिट-दोन मिनिटं उकळायचा. वायू गेला की द्रावण पुन्हा पिवळं पडतं. ते पूर्ण गार करून मग एक-दोन थेंबांत शेवट गाठायचा. गरम द्रावणात मिथिल ऑरेंजचा भरवसा नाही. परीक्षेच्या वेळेत हे कुणी करत नाही, पण त्या एक-दोन थेंबांना इथे किंमत आहे.

ती किंमत किती, ते आपल्याच आकड्यांवरून दिसतं. पहिलं वाचन ४४.४० ऐवजी ४४.३० घेतलं गेलं, म्हणजे जेमतेम दोन थेंबांची चूक झाली, असं धरा. कॉस्टिक ८५ ऐवजी ८४.६ टक्के येईल. साबणाला त्यानं काही होत नाही. पण अंतर १.९० चं २.०० झालं, म्हणजे कार्बोनेटच्या आकड्यात शंभरास पाचाची चूक झाली. जवळजवळ सारख्या असलेल्या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढला की असं होतंच. ताज्या, उत्तम फ्लेक्समध्ये कार्बोनेट अर्धा टक्का असेल तर याच मापात अंतर फक्त ०.०९ मिलिलिटर पडेल. दोन थेंबसुद्धा नाहीत! तिथे ही पद्धत वापरून आकडा काढणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांची चूक मोजणं.

अशा मालासाठी क्लेमेन्स विंकलरच्या नावानं ओळखली जाणारी रीत आहे. द्रावणाचे दोन वेगळे भाग घ्यायचे. एक भाग थेट मिथिल ऑरेंजपर्यंत टायट्रेट करून एकूण अल्कली काढायचं. दुसऱ्या भागात बेरियम क्लोराइडचं द्रावण जास्तीचं घालायचं. सगळं कार्बोनेट बेरियम कार्बोनेटच्या पांढऱ्या गाळात अडकतं आणि द्रावणात कॉस्टिक एकटं उरतं. गाळ न गाळता, फिनॉल्फ्थॅलीन घालून, आम्ल सावकाश घालायचं. आता गुलाबी एका थेंबाला जातो, कारण उतार लांबवणारं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट वाटेत उरलेलंच नाही. आपल्या नमुन्यात इथे थेट ४२.५० मिळायला हवं आणि एकूण ४६.३०. अंतर ३.८०, म्हणजे पहिल्या पद्धतीच्या दुप्पट, आणि दोन्ही बिंदू तीक्ष्ण. या भागात मिथिल ऑरेंज मात्र चालत नाही. त्याच्या रंगबदलापर्यंत गेलो तर आम्ल गाळालाही विरघळवून टाकेल. बेरियमची विरघळणारी संयुगं विषारी असतात, तेव्हा हा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचा नाही, हे सांगायलाच हवं. कॉस्टिकचासुद्धा नाही, खरं तर.

कधी कधी वाचनंच सांगतात की समोरचं मिश्रण आपण समजतो ते नाही. कॉस्टिक आणि कार्बोनेटच्या मिश्रणात पहिलं वाचन नेहमीच नंतरच्या अंतरापेक्षा मोठं असायला हवं, कारण पहिल्या वाचनात कॉस्टिकही आहे. दोन्ही समान आले तर कॉस्टिक संपलं, नमुना निव्वळ कार्बोनेट. अंतर मोठं आलं तर नमुन्यात बायकार्बोनेट आहे आणि कॉस्टिकचा थेंबही नाही. ही दोघं एका द्रावणात नांदूच शकत नाहीत. भेटताच त्यांचं कार्बोनेट होतं. साखर कारखान्याच्या किंवा कुठल्याही बॉयलरच्या पाण्याची चाचणी करणारे केमिस्ट हेच दोन आकडे रोज काढतात. फिनॉल्फ्थॅलीनच्या वाचनाला ते 'पी' म्हणतात आणि मिथिल ऑरेंजच्या एकूण वाचनाला 'एम'. पीची दुप्पट करून त्यातून एम वजा केलं की पाण्यातलं मोकळं हायड्रॉक्साइड मिळतं. आपले आकडे घालून बघा: ४४.४० ची दुप्पट ८८.८०, वजा ४६.३०, उरले ४२.५०. वाट तीच, बेरीज-वजाबाकीची मांडणी तेवढी निराळी.

राहिला साबण. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम निखळ कॉस्टिक लागतं. त्वचेला झोंबू नये म्हणून घरगुती साबणात पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात. मग लागतं १७४ ग्रॅम. बाईंनी जुन्या पिशवीतून १७४ ग्रॅमच तोलले. त्यात कॉस्टिक होतं १४८ ग्रॅम. म्हणजे पाच टक्क्यांच्या जागी जवळजवळ १९ टक्के तेल तसंच राहिलं. वड्या तेलकट न झाल्या तरच नवल. ९२.६ या फसव्या आकड्यावर भरवसा ठेवून १८८ ग्रॅम घेतले असते, तरी सुमारे १३ टक्के तेल उरलंच असतं. ८५ टक्क्यांप्रमाणे २०५ ग्रॅम घ्यायला हवे होते.

पण २०५ ग्रॅमबरोबर किलोभर तेलामागे २० ग्रॅम कार्बोनेटही साबणात जातं, आणि वड्या वाळताना पृष्ठभागावर त्याची पांढरी पूड फुटण्याची शक्यता असते. बाईंनी तो माल साबणासाठी वापरला नाही. मोरीचे पाइप साफ करायला ठेवून दिला. तिथे कार्बोनेटची अडचण नाही. नवा माल आणला तो लहान, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांतून वाटून ठेवला, म्हणजे एका वेळी एकच डबा उघडावा लागतो. काचेच्या बुचाची बाटली मी त्यांना घेऊ दिली नाही. कॉस्टिक काचेला हळूहळू खातं, बुचाच्या फटीत कार्बोनेट जमतं, आणि एकदा ते बूच बसलं की बाटली फोडल्याशिवाय निघत नाही.